फीची आठवण देणारं पत्र : ‘अन्यथा’ काढून टाकल्यावर काय लिहायचं

*इंदूरला सुदामानगरकडे आमची छोटी शाळा आहे, नर्सरी ते पाचवी. बरेच पालक मराठी, बाकीचे हिंदी बोलणारे. दर तिमाहीला पंचवीस-तीस जणांची फी राहते. मागच्या वेळी पत्र पाठवलं तेव्हा दोन आयांनी माझ्याशी बोलणंच सोडलं आणि एका बाबांनी मुलाला आठवडाभर शाळेत पाठवलं नाही. फी तर मागावी लागतेच. पण कोणाचा अपमान होणार नाही आणि खरंच अडचण असेल तर लोक येऊन बोलतील, असं पत्र कसं लिहायचं? मसुदा दिलात तर बरं होईल.*

पत्र लिहायच्या आधी बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसा. मी इंदूरमधल्याच एका शाळेत बावीस वर्षं हिशेब आणि कार्यालय पाहिलं. पालक सर्वांत जास्त दुखावलेले पाहिले ते फी भरूनही आठवण गेली म्हणून. हल्ली फी मोबाइलवरून येते आणि ती पाठवतो मुलाचा मामा, नाहीतर आजोबा. स्टेटमेंटवर त्यांचं नाव दिसतं, मुलाचं नाही, आणि ती रक्कम ‘अनोळखी जमा’ म्हणून पडून राहते. एकदा माझ्या यादीत एकतीस नावं होती. प्रत्येक अनोळखी जमा फोन करून लावली तेव्हा त्यातले सात जण फी भरून मोकळे झालेले निघाले. त्या सात घरांना पत्र गेलं असतं तर पुढच्या मीटिंगला मला तोंड लपवावं लागलं असतं.

त्याच बैठकीत आणखी एक चाळणी लावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ खाली पंचवीस टक्के जागांवर आलेल्या मुलांची नावं सॉफ्टवेअरच्या यादीत कधीकधी ‘फी शून्य जमा’ म्हणून उतरतात. त्यांच्या घरून फी घ्यायचीच नसते, ती प्रतिपूर्ती शासनाकडून येते. अशा घरी आठवण गेली तर आई-वडिलांना वाटतं, आता शाळा मुलाला काढून टाकणार. ही नावं पहिल्याच दिवशी वेगळी करून ठेवा.

आता मसुदा. हा पहिल्या आठवणीसाठी आहे. आकडे तुमच्याप्रमाणे बदला.

> चि. ________ यांच्या पालकांस,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीची ५,४०० रुपये फी १६ ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे जमा झालेली दिसत नाही. तुम्ही ती भरली असेल तर नोंद आमच्याकडून राहिली आहे. पावतीचा किंवा फोनवरच्या व्यवहाराचा फोटो पाठवा, आम्ही दुरुस्त करून घेऊ.
>
> राहिली असेल तर ३१ ऑक्टोबरपर्यंत कार्यालयात रोख, चेकने किंवा नेहमीच्या क्यूआर कोडवर भरता येईल.
>
> या तारखेला जमण्यासारखं नसेल तर त्याआधी एकदा बोलू या. फी महिन्यामहिन्याने भरता येते, तारीखही पुढे नेता येते. घरातलं कोणीही येऊ शकतं किंवा फोन करू शकतं. कारण सांगायलाच हवं असं नाही, कागदपत्रंही लागत नाहीत. हे बोलणं मी आणि हिशेब पाहणाऱ्या ताई, आम्हा दोघींपुरतंच राहील. वर्गात त्याचा उल्लेख होणार नाही.
>
> भेटायला सोमवार ते शनिवार सकाळी ८ ते ९, फोनवर दुपारी ४ ते ६.
>
> आपली,
> (सही आणि नाव)
> मुख्याध्यापिका

यातला ‘जमा झालेली दिसत नाही’ हा तुकडा मुद्दाम तसा ठेवला आहे. ‘आपण फी भरलेली नाही’ असं लिहिलं की बोट समोरच्यावर जातं. ‘दिसत नाही’ म्हटलं की आपली वही उघडून आपणच शोधतोय असं होतं, आणि ते खरंही आहे, कारण चूक आपली असू शकते. ‘आपणांस सूचित करण्यात येते की’, ‘थकबाकीदार’, ‘तात्काळ’ हे शब्द नगरपालिकेच्या घरपट्टीच्या नोटिशीतून आपल्या हाताला लागलेले आहेत. इंदूरला आणखी एक गंमत होते. पत्र आधी हिंदीत तयार होतं आणि मग मराठी पालकांसाठी शब्दाला शब्द ठेवून उतरवलं जातं. ‘शुल्क जमा करें’ हिंदीत सरळ विनंती वाटते, पण ‘शुल्क जमा करावे’ मराठीत हुकूम होतो. ‘कृपया’ तर दर ओळीला येतो आणि मराठी कानाला तो विनंतीपेक्षा रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा लागतो. माझ्या मसुद्यात तो एकदाही नाही. दोन्ही पत्रं वेगवेगळी लिहा, आणि हिंदी पत्र हिंदी बोलणाऱ्या एखाद्या बाईंकडून लिहून घ्या.

रक्कम मात्र स्वच्छ लिहा. हळुवारपणाच्या नादात लोक ‘काही फी बाकी असल्याचे निदर्शनास आले आहे’ असं गुळमुळीत लिहितात. मग आईला वाटतं दोन महिन्यांची असेल, बाबांना वाटतं बसचीही धरली असेल, आणि कोणी विचारायला येत नाही, कारण विचारायला येणं म्हणजे कबुली देणं. किती, कोणत्या महिन्यांची, कोणत्या तारखेपर्यंतच्या नोंदीवरून, या तीन गोष्टी पहिल्या वाक्यात आल्या की वाचणाऱ्याचा धसका निम्मा कमी होतो. बसचे पैसे वेगळे असतील तर वेगळ्या ओळीत घाला. दंड लावत असाल तर पहिल्या पत्रात त्याचा उच्चार नको.

वरच्या नावाबद्दल एक सांगते. आपल्याकडे ‘श्री. व सौ.’ लिहायची सवय आहे. पण वडील नसलेली, वेगळे राहणारे आई-वडील असलेली, आजीकडे वाढणारी मुलं दर वर्गात असतात. ‘चि. अमुक यांच्या पालकांस’ लिहिलं की हा प्रश्नच उरत नाही. सगळ्या पत्रांना एकच मायना ठेवा, म्हणजे कोणाचं पत्र वेगळं दिसणार नाही.

बोलायला या म्हणणारा परिच्छेद हाच या पत्राचा जीव आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. बहुतेक पत्रांत शेवटी एक ओळ असते : ‘काही अडचण असल्यास कार्यालयात संपर्क साधावा.’ आमच्याही पत्रात कित्येक वर्षं ती होती आणि त्या ओळीवरून कोणी आल्याचं मला आठवत नाही. कार्यालयात म्हणजे कोणाकडे? खिडकीवरच्या बाबूंकडे, जिथे मागे चार पालक रांगेत उभे आहेत? आणि संपर्क साधून मिळणार काय? माणूस अडचण सांगायला तेव्हाच येतो, जेव्हा समोर काय देता येईल हे त्याला आधी कळलेलं असतं. म्हणून ‘महिन्यामहिन्याने भरता येते, तारीख पुढे नेता येते’ हे पत्रातच लिहायचं. ‘कारण सांगायलाच हवं असं नाही’ हे वाक्य आमच्या संस्थेच्या सचिवांना पटत नव्हतं. त्यांना वाटे, मग सगळेच सवलत मागतील. तसं झालं नाही. ज्यांना भरता येते ते भरतातच, कारण हप्ते पाडून घ्यायला शाळेत येऊन बसणं कोणालाच हौसेचं वाटत नाही.

‘घरातलं कोणीही’ हे दोन शब्द वगळू नका. कर्ता पुरुष फीबद्दल बोलायला यायला सर्वांत जास्त लाजतो. येते ती आई, नाहीतर आजी, आणि ‘पालकांनी स्वतः उपस्थित राहावे’ असं वाचून तीही मागे फिरते. वेळही लोकांच्या दिवसाकडे पाहून ठरवा. कापडाच्या नाहीतर किराण्याच्या दुकानात कामाला असलेला माणूस दुपारी बाराला सुट्टी मागू शकत नाही. दुकान उघडायच्या आत, मुलाला सोडायला येतो तेव्हाच त्याला दहा मिनिटं असतात. पिथमपूरला कारखान्यात जाणाऱ्यांची बस तर पहाटेच निघते, त्यांच्यासाठी संध्याकाळचा फोन.

हे लिहायच्या आधी संस्थेकडून एक गोष्ट लेखी करून घ्या : मुख्याध्यापिकेला स्वतःच्या अधिकारात काय देता येईल. किती हप्ते, कोणत्या महिन्यापर्यंत, दंड माफ करायचा की नाही, आणि फीच कमी करायची वेळ आली तर कोणाकडे जायचं. हे हातात नसताना ‘बोलू या’ लिहिलं तर आई येते, मन मोकळं करते आणि तुम्ही म्हणता, ‘बघते, समितीला विचारते.’ पंधरा दिवसांनी तिला पुन्हा तेच सांगायला यावं लागतं. त्यापेक्षा बोलावलं नसतं तर बरं, असं तिला वाटतं.

पत्र मुलाच्या हाती देऊ नका. यात माझीच चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही गुलाबी कागदावर चिठ्ठ्या छापल्या होत्या, इतर कागदांत हरवू नयेत म्हणून. खाली ठळक ‘अन्यथा परीक्षेस बसू दिले जाणार नाही.’ वर्गात वाटल्या जात. महिन्याभरात पोरांना रंग कळला. ‘तुला गुलाबी आली’ अशी चिडवाचिडवी सुरू झाली. एका मुलीच्या आईने नंतर मला तिच्या कंपासपेटीत घड्या घालून ठेवलेल्या तीन चिठ्ठ्या आणून दाखवल्या, घरी एकही पोचली नव्हती. आम्ही समजत होतो पालक दाद देत नाहीत. त्यानंतर बंद पाकीट, वर फक्त पालकांसाठी असं लिहिलेलं, किंवा थेट पालकाच्या फोनवर वैयक्तिक संदेश. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी टाकणं तर कधीच नको. ‘ज्यांची फी राहिली आहे त्यांनी’ असा बिननावाचा संदेशही नको, त्यावर ‘आम्ही भरली’ असे अंगठे यायला लागतात आणि न बोलणाऱ्यांची यादी आपोआप तयार होते. वर्गशिक्षिकेला फीच्या नोंदी दाखवूच नका, म्हणजे तिच्या वागण्यात नकळतही फरक पडणार नाही. आणि ते ‘अन्यथा’. मुलाला मानसिक त्रास देण्याला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मनाई करतं. फीसाठी पोराला वर्गात उभं करणं त्याच वाटेवरचं आहे, आणि त्याचा धाक पत्रात घालणं म्हणजे स्वतःच्या सहीने तसं कबूल करणं.

आता एक घर सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून. वडील सीतलामाता बाजारात साड्यांच्या दुकानात. फी तिमाहीला ५,४००. पहिली तिमाही वेळेवर आली, जुलै-सप्टेंबरची आली नाही आणि ऑक्टोबरचीही आली नाही, म्हणजे १०,८०० बाकी. पत्र गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला आई आली. उभ्याउभ्याच म्हणाली, ‘ताई, दिवाळीनंतर सगळे एकदम देऊन टाकू.’

हे वाक्य लिहून घेऊ नका. शरमेपोटी माणूस मोठा आकडा आणि जवळची तारीख बोलतो, आणि ती चुकली की मग तोंड दाखवत नाही. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि एवढंच विचारलं की घरात पैसा कोणत्या महिन्यात, साधारण कोणत्या तारखेला हाती येतो. मग तिनेच सांगितलं : ऑगस्टमध्ये त्यांनी दुकान बदललं, मधला दीड महिना पगाराविना गेला, उसनं झालं. दिवाळीचा बोनस मिळेल, पण त्यातून आधी उसनं फेडायचं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, तेव्हा विक्रीवर वरकड मिळते.

आता हिशेब. नवखे इथे १०,८०० चे हप्ते पाडतात आणि जानेवारीची ५,४०० फी वेगळी येणारच आहे हे विसरतात. जुना हप्ता आणि नवी फी एकाच महिन्यात अंगावर येते आणि सगळी व्यवस्था कोसळते. म्हणून मार्चअखेरपर्यंतचं सगळं एकत्र धरलं : १०,८०० आणि ५,४०० मिळून १६,२००. २० नोव्हेंबरला ५,४००, आणि डिसेंबर ते मार्च दर महिन्याच्या १५ तारखेला २,७००. चार महिन्यांचे १०,८०० झाले, बेरीज जुळली. तारीख १५ ठेवली, कारण दुकानाचा पगार दहापर्यंत होतो आणि उशीर झाला तरी हातात चार-पाच दिवस राहतात. एवढ्याच ओळी कागदावर लिहिल्या, खाली एक वाक्य : ‘एखाद्या महिन्यात जमलं नाही तर त्या तारखेच्या आधी कळवावं, तारीख बदलू.’ एक प्रत तिच्याकडे, एक माझ्याकडे. तिची सही मागितली नाही. सही घेतली की तो कागद तिच्या लेखी कर्जरोखा झाला असता.

नोव्हेंबर, डिसेंबरचे वेळेवर आले. जानेवारीच्या १३ तारखेला वडिलांचाच फोन आला, पहिल्यांदा. घरात आजारपण निघालं, १,५०० देऊ शकतो. उरलेले १,२०० एप्रिलवर टाकले. फोन आला याचाच अर्थ व्यवस्था नीट चालली आहे. १,२०० मागे पडले याचं मला काही वाटलं नाही, कारण ते कधी येणार हे मला ठाऊक होतं. हप्ता चुकला आणि फोनही नाही, तर समजावं की आकडा आपण मोठा ठरवला होता. तेव्हा आपण फोन करायचा आणि आकडा लहान करायचा.

या सगळ्यावर पाणी फिरवायला एक गोष्ट पुरते, आणि ती मी घडताना पाहिली आहे. शाळेच्या सॉफ्टवेअरमधून महिन्याच्या १८ तारखेला आपोआप संदेश जायचा. ज्या बाईंशी सगळं ठरलं होतं, त्यांनाही तोच गेला : ‘आपली फी थकीत आहे.’ त्यांना वाटलं, ताईंनी गोड बोलून वर तक्रारही केली. तेव्हापासून बोलणं झालं त्याच दिवशी, पालक खोलीबाहेर जाताच, ते नाव आपोआप जाणाऱ्या यादीतून काढायचं आणि आमच्या छोट्या वहीत नोंद करायची, असा नियम केला. वहीत रक्कम आणि तारखा. आजार, भांडण, उसनवारी यातलं काही लिहायचं नाही, कारण वही उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती जाईल.

पहिल्या पत्राला काहीच उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी दुसरं, आणखी छोटं :

> सप्रेम नमस्कार. १६ ऑक्टोबरला पाठवलेलं पत्र तुमच्यापर्यंत पोचलं का, एवढंच विचारायचं होतं. ५,४०० रुपये फी अजून जमा दिसत नाही. या आठवड्यात मी तुम्हाला फोन करेन. तुम्हाला सोयीची वेळ कळवली तर त्याच वेळी करते.

आणि मग खरंच फोन करा, स्वतः. पहिलं वाक्य मुलाबद्दल नको. ‘मुलगी छान चित्रं काढते हं’ असं म्हणून मग फीवर येणं लोकांना लगेच कळतं आणि पुढच्या वेळी खरं कौतुकही संशयाने ऐकलं जातं. सरळ म्हणा, ‘फीबद्दल फोन केला, आत्ता बोलता येईल का?’ मागे दुकानाचा, नातेवाइकांचा आवाज येत असेल तर ठेवून द्या आणि नंतर करा.

दोन्ही पत्रं आणि फोन होऊनही काहीच न बोलणारी दोन-चार घरं राहतात. त्यात ऐपत असून टाळणारेही असतात. कोणती कोण हे गाडीवरून, फोनवरून ओळखायला जाऊ नका. गाडी हप्त्यावरची असते, आणि फाटक्या चपलेतले आजोबा वर्षाची फी एकदम भरताना मी पाहिले आहेत. या उरलेल्या घरांसाठी तिसरं पत्र कोरडं चालेल. रक्कम, तारीख, आणि त्यानंतर संस्थेच्या नियमाप्रमाणे दंड किती हे लिहा. मुलाचा उल्लेख त्यातही नको. बोलण्याची वेळ मात्र त्याही पत्राखाली तशीच छापा.

तुमच्या त्या दोन आयांना आणि मुलाला घरी ठेवणाऱ्या बाबांना नवं पत्र पाठवण्याआधी एकेकदा भेटा. फी काढू नका. ‘मागचं पत्र मी नीट लिहिलं नव्हतं’ एवढं सांगितलंत तरी चालेल. त्यातल्या एखाद्या आईला हा मसुदा वाचायला द्या आणि विचारा, कुठे टोचतं. मला माझ्या मसुद्यातला ‘कागदपत्रं लागत नाहीत’ हा तुकडा अशाच एका आईने सांगितला होता. तिला वाटलं होतं, उत्पन्नाचा दाखला घेऊन यावं लागेल, म्हणून ती दोन महिने आलीच नव्हती.